गुण मोजले जात नाहीत, पण पेपर मात्र अडवतो

स्पर्धा परीक्षांचे निकाल लागले की सीमाभागातल्या गावोगावी एक वाक्य हमखास कानावर पडते : “बाकी सगळे चांगले गेले होते हो, पण तो भाषेचा पेपर राहिला.” ऐकणारा चकित होतो. ज्या पेपरचे गुण बेरजेतच घेत नाहीत, त्या पेपरने मुलगा मागे कसा पडतो, हे त्याला उमगत नाही. पालकांचे सोडा, पदवीधर मुलांच्या मनातही ‘हा तर नुसता पात्रतेचा पेपर’ एवढीच नोंद असते. यातला ‘नुसता’ हा शब्द किती महाग पडतो हे आम्ही शिक्षक मंडळी आणि समितीचे कार्यकर्ते दरवर्षी पाहतो. म्हणून या पेपराचे गणित आणि त्यामागचे राजकारण वाचकांपुढे एकदा सविस्तर मांडावे असे आम्हाला वाटले.

केंद्रीय लोकसेवा आयोगाची नागरी सेवा परीक्षा उदाहरणादाखल घेऊ. तिच्या मुख्य परीक्षेत एकूण नऊ लेखी पेपर असतात. त्यांतल्या सात पेपरांना प्रत्येकी २५० गुण आहेत : एक निबंधाचा, चार सामान्य अध्ययनाचे आणि दोन वैकल्पिक विषयाचे. हे झाले १७५० गुण. त्यात मुलाखतीचे २७५ मिळवले की २०२५ होतात आणि या २०२५ पैकी किती मिळाले यावर गुणवत्ता यादी लागते. उरलेले दोन पेपर म्हणजे ‘अ’ आणि ‘ब’. पेपर ‘अ’ राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतल्या, उमेदवाराने स्वतः निवडलेल्या एका भारतीय भाषेचा आणि पेपर ‘ब’ इंग्रजीचा. दोन्ही प्रत्येकी ३०० गुणांचे, दोन्हींचा दर्जा मॅट्रिकचा, म्हणजे आपल्या दहावीचा. या ६०० गुणांतला एकही गुण यादीत धरला जात नाही. मात्र प्रत्येक पेपरात २५ टक्के, म्हणजे ७५ गुण मिळालेच पाहिजेत. ते मिळाले नाहीत तर बाकीच्या सात पेपरांचे गुण विचारातच घेतले जात नाहीत.

नियमाची शब्दरचना इथे नीट वाचली पाहिजे. सर्व पेपरांची तपासणी एकाच वेळी होते, पण निबंध, सामान्य अध्ययन आणि वैकल्पिक विषयाचे गुण विचारात घेतले जातात ते फक्त दोन्ही भाषांत किमान पातळी गाठलेल्या उमेदवारांचे. आपल्या शाळेत एका विषयात दोन गुण कमी पडले तर दुसऱ्या विषयातल्या चांगल्या गुणांकडे पाहून सवलतीचे गुण देतात. त्या सवयीने इथे पाहू नये. इंग्रजीत २०० मिळवणाऱ्याचे मराठीतले ७४ भरून निघत नाहीत. दोन दारे आहेत आणि प्रत्येकाची किल्ली वेगळी आहे.

आता एक हिशेब मांडून पाहू. निपाणीकडचा एक मुलगा समजा. सातवीपर्यंत मराठी शाळा, पुढे इंग्रजी माध्यम, मग बेळगावात विज्ञानाची पदवी. सामान्य अध्ययनाची उत्तरे तो इंग्रजीत लिहितो. घरी मराठी बोलतो, म्हणून अर्जात पेपर ‘अ’साठी मराठी निवडतो. सात पेपरांत मिळून त्याला १७५० पैकी ७६८ गुण पडतात. ज्यांना ही परीक्षा ठाऊक नाही त्यांना हा आकडा कमी वाटेल, पण २०२३ च्या परीक्षेत खुल्या प्रवर्गातून मुलाखतीला जाण्यासाठी ७४१ गुण पुरले होते. म्हणजे हा मुलगा मुलाखतीच्या दारात उभा आहे. इंग्रजीच्या पेपरात त्याला १४८ मिळाले आहेत.

मराठीचा पेपर असा असतो. साधारण ६०० शब्दांचा एक निबंध, १०० गुण. उताऱ्यावरचे पाच प्रश्न, प्रत्येकी १२ प्रमाणे ६० गुण. एका उताऱ्याचे एक-तृतीयांश शब्दांत सारांशलेखन, ६० गुण. इंग्रजीतून मराठीत भाषांतर २० आणि मराठीतून इंग्रजीत भाषांतर २०. उरलेले ४० गुण म्हणी, वाक्प्रचार, समानार्थी व विरुद्धार्थी शब्द, वाक्यशुद्धी अशा व्याकरण-शब्दसंपत्तीचे. वेळ तीन तास.

आपल्या मुलाने निबंध अडीचशे शब्दांवर सोडला, त्याचे २० मिळाले. उताऱ्यावरच्या प्रश्नांचे २२. सारांश अर्धवट राहिला, त्याचे ८. मराठीत केलेल्या भाषांतराचे ५, इंग्रजीत केलेल्या भाषांतराचे ९. व्याकरणाचे ७. बेरीज करा : ७१. चार गुण कमी. मराठी आणि इंग्रजी मिळून त्याला ६०० पैकी २१९, म्हणजे ३६ टक्क्यांहून अधिक पडले आहेत, पण ही बेरीज कुणी करणार नाही. ७६८ गुणांचा तो मुलगा यादीच्या बाहेर, आणि ७४१ चा, पण मराठीत ७६ मिळवलेला दुसरा मुलगा आत.

हे चार गुण कुठे गेले तेही पाहण्यासारखे आहे. भाषा येत नाही म्हणून ते गेले नाहीत. मुलगा घरात, बाजारात, ग्रामदेवतेच्या जत्रेत मराठीच बोलतो. गुण गेले ते हाताला सवय नाही म्हणून. ६०० शब्दांचा निबंध एका तासात लिहायचा तर मिनिटाला दहा शब्द कागदावर उतरले पाहिजेत, आणि विचार करायला वेळ वेगळा. ज्याने गेली आठ वर्षे देवनागरीत सलग एक पान लिहिलेले नाही, ज्याची मराठी मोबाइलवर रोमन अक्षरांत चालते, त्याचा हात रफार कुठे द्यावा, जोडाक्षर कसे फोडावे, वेलांटी पहिली की दुसरी, इथेच अडखळतो. त्यात अलीकडच्या वेळापत्रकांत निबंध व सामान्य अध्ययनाचे पेपर आधी होतात आणि दोन्ही भाषांचे पेपर त्यानंतर एकाच दिवशी, सकाळी भारतीय भाषा आणि दुपारी इंग्रजी. तोवर बोटे दुखायला लागलेली असतात आणि मन वैकल्पिक विषयात गुंतलेले असते.

आमचा अनुभव असा की या पेपरात कच्चा असलेला विद्यार्थी ओळखायला एक तास पुरतो. त्याला एखादा साधा विषय द्यावा, घड्याळ लावावे आणि कोरे कागद द्यावेत. चाळीस मिनिटांत तीनशे शब्दांच्या पुढे गेला नाही तर धोका आहे असे समजावे. चुका किती हे नंतर पाहावे, आधी पाने मोजावीत. दुसरी खूण सारांशात दिसते. उताऱ्यातलीच वाक्ये उचलून जो एक-तृतीयांश भरतो, त्याला उतारा समजला की नाही हे परीक्षकाला कळत नाही. प्रश्नपत्रिकेवर शब्दमर्यादा पाळण्याची सूचना असते आणि ती फार ओलांडली किंवा फार कमी लिहिले तर गुण कापले जाऊ शकतात. उत्तरे मराठीत आणि देवनागरीतच हवीत, भाषांतराचा प्रश्न सोडून. मधेच इंग्रजी परिच्छेद लिहून वेळ मारून नेण्याची पळवाट इथे नाही.

सुधारणेला मात्र फार दिवस लागत नाहीत. वरच्या मुलाने निबंध पुरा केला असता, बरावाईट का होईना, तर तिथेच दहा-पंधरा गुण वाढले असते. व्याकरणाचे ४० गुण तर दहावीच्या पुस्तकातून निघतात. आमच्या मते लक्ष्य ७५ ठेवू नये, ११० ठेवावे. एखादा प्रश्न चुकला, एखादा परीक्षक कडक निघाला, तरी दार उघडे राहावे एवढी ती शिल्लक आहे. त्यापलीकडे १८० मिळवण्यात वेळ घालवणे मात्र व्यर्थ, कारण ११० आणि १८० यांत आयोग फरक करत नाही. आम्ही मराठीचे शिक्षक असून हे लिहितो याचे काही सहकाऱ्यांना वाईट वाटेल, पण विद्यार्थ्याचे तास मोजके असतात.

मग असा पेपर ठेवायचाच कशाला, आणि ठेवला तर त्याचे गुण का धरायचे नाहीत, असा प्रश्न वाचक विचारतील. त्याचे मूळ कोठारी समितीत आहे. डॉ. दौलतसिंह कोठारी यांच्या समितीने १९७६ मध्ये अहवाल दिला आणि १९७९ पासून परीक्षेची नवी पद्धत आली. देशाचा कारभार चालवणाऱ्या अधिकाऱ्याला निदान एक भारतीय भाषा लिहिता-वाचता यावी, ही त्यामागची भूमिका. गुण न धरण्याचे कारण व्यवहाराचे आहे. आठव्या अनुसूचीत २२ भाषा आहेत. मराठीची उत्तरपत्रिका एक परीक्षक तपासणार, तमिळची दुसरा, मैथिलीची तिसरा. मराठीतले १६० आणि तमिळमधले १६० सारखेच, असे छातीठोकपणे कोण सांगणार? असे गुण यादीत मिसळले असते तर ज्या भाषेचा परीक्षक सढळ त्या भाषेची मुले वर गेली असती. किमान पातळी ठरवून दार लावले की हा वाद पुष्कळसा मिटतो. तो अगदीच संपत नाही, पण दहावीच्या दर्जाचे २५ टक्के ही रेषा कोणत्याही भाषेत साधारण सारखी पडते.

हे दार काढून त्याजागी वजन ठेवले तर काय होते, याचा प्रयोग २०१३ मध्ये होता होता राहिला. ५ मार्च २०१३ च्या अधिसूचनेत आयोगाने भारतीय भाषेचा सक्तीचा पेपर काढून टाकला होता. इंग्रजीचा पात्रता पेपरही गेला आणि त्याजागी इंग्रजी उतारा व सारांश यांचे १०० गुण निबंधाच्या पेपरात घालून ते थेट गुणवत्तेत मोजायचे ठरले. शिवाय मराठीसारख्या भाषेत परीक्षा द्यायची तर त्या माध्यमाचे किमान २५ उमेदवार हवेत, अशीही अट होती. संसदेत यावर गदारोळ झाला, महाराष्ट्रासह अनेक राज्यांतून विरोध झाला आणि २६ मार्चला सुधारित अधिसूचना काढून दोन्ही भाषांचे पात्रता पेपर पूर्ववत केले गेले. यातला फरक साधा आहे. दार होते तेव्हा इंग्रजीत ८० मिळवणारा खेड्यातला मुलगा आणि २३० मिळवणारा महानगरातला मुलगा पुढे सारखेच उभे राहत होते. वजन आले असते तर शंभरातले तीस-चाळीस गुण पहिल्याने सुरुवातीलाच गमावले असते, आणि या परीक्षेत एकेका गुणावर शेकडो माणसे वरखाली होतात. म्हणून गुण न मोजणे ही इंग्रजीच्या बाबतीत आपल्या मुलांसाठी ढाल आहे, हे ध्यानात ठेवले पाहिजे.

याच्या उलटही घडले आहे. पूर्व परीक्षेतला दुसरा पेपर, ज्याला सगळे ‘सीसॅट’ म्हणतात, २०११ मध्ये आला तेव्हा त्याचे गुण मोजले जात. इंग्रजी व गणितवाल्यांना त्याचा फायदा होतो म्हणून २०१४ मध्ये दिल्लीत मोठे आंदोलन झाले आणि २०१५ पासून तो ३३ टक्क्यांच्या पात्रतेचा झाला. २०० पैकी ६६ गुण मिळाले की झाले. पुढे काही वर्षे मुलांनी त्याकडे पाहणेच सोडले. मग २०२३ मध्ये तो पेपर कठीण निघाला आणि चांगले चांगले उमेदवार ६६ वर पोहोचले नाहीत. त्या वर्षी पहिल्या पेपरची खुल्या प्रवर्गाची गुणरेषा ७५.४१ वर आली, आदल्या वर्षी ती ८८.२२ होती. पहिला पेपरही त्या वर्षी सोपा नव्हता हे खरे. तरीही पहिल्या पेपरात नव्वद मिळवून घरी बसलेली मुले आणि शहात्तर मिळवून पुढे गेलेली मुले यांच्यामधले दार कोणते होते, हे उघड आहे. आयोगाने रेषा हलवली नव्हती, पेपर हलला होता. पात्रतेच्या पेपराचा खरा धोका हाच, की त्याची टक्केवारी कायम राहते पण त्याची उंची दरवर्षी वेगळी असते.

आता आपल्या सीमाभागाचा खास प्रश्न. पेपर ‘अ’साठी भाषा कोणती निवडावी? आयोग मातृभाषा विचारत नाही. मराठी घरातला मुलगा कन्नड निवडू शकतो, कोकणी घरातला मराठी निवडू शकतो. पेपर ‘अ’ची भाषा आणि बाकीच्या पेपरांचे माध्यम एकच असले पाहिजे असेही नाही. गोव्याच्या वाचकांसाठी एवढे सांगतो की कोकणीचा पेपर देवनागरीतच लिहावा लागतो, त्यामुळे रोमी लिपीत शिकलेल्यांनी तो विचार आधी करावा.

खानापूर तालुक्यातला, मराठी शाळेत दहावी झालेला मुलगा मराठी घेईल यात शंका नाही. पण भालकी, औराद, हल्याळ किंवा बेळगाव शहरात कन्नड माध्यमात शिकलेली मराठी मुले आता थोडीथोडकी नाहीत. त्यांनी घरची भाषा म्हणून मराठी निवडावी, असा आग्रह आमच्या समितीतले काही जुने सहकारी धरतात. त्यांच्या भावनेचा आम्ही आदर करतो, पण हा सल्ला आम्हाला मान्य नाही. ज्या लिपीत हात चालतो ती भाषा घ्यावी. या पेपरात भाषेची अस्मिता सिद्ध होत नाही, ७५ गुण सिद्ध होतात. कन्नड निवडून अधिकारी झालेला मराठी मुलगा आपला उरतोच. मराठी निवडून ७१ वर राहिलेला मुलगा मात्र पुन्हा वर्षभर अभ्यासाला बसतो.

राज्याच्या परीक्षांत मात्र ही निवड नाही. कर्नाटक लोकसेवा आयोगाच्या राजपत्रित पदांच्या मुख्य परीक्षेत कन्नड आणि इंग्रजी असे दोन पात्रता पेपर आहेत, प्रत्येकी १५० गुणांचे, एसएसएलसीच्या दर्जाचे, आणि किमान ३५ टक्के हवेत. म्हणजे ५२.५, व्यवहारात ५३ धरा. खालच्या पदांनाही असेच दार आहे. २०२४ मध्ये ग्राम प्रशासन अधिकाऱ्यांच्या, म्हणजे आपण ज्यांना तलाठी म्हणतो त्यांच्या, एक हजार जागांची भरती झाली. तिच्यात मुख्य लेखी परीक्षेच्या सुमारे महिनाभर आधी सक्तीच्या कन्नडची १५० गुणांची परीक्षा घेतली गेली आणि तीत किमान ५० गुण आवश्यक होते. आपल्याच गावच्या सातबारावर काम करायला निघालेला मराठी मुलगा मुख्य परीक्षेत कितीही पुढे असो, या ५० च्या अलीकडे राहिला तर त्याचा विचार होत नाही.

याला दोन अंगे आहेत आणि ती वेगळी ठेवून बोलले पाहिजे. पहिले हे की जिथे कारभार कन्नडमध्ये चालतो तिथल्या अधिकाऱ्याला कन्नड यावे, ही अपेक्षा स्वतःत गैर नाही. महाराष्ट्रातही तेच आहे. तिथल्या राज्यसेवा मुख्य परीक्षेची नवी वर्णनात्मक पद्धत २०२५ पासून लागू झाली. तीत मराठी आणि इंग्रजीचे प्रत्येकी ३०० गुणांचे पेपर २५ टक्क्यांच्या पात्रतेचे आहेत. अक्कलकोट किंवा जत तालुक्यातल्या कन्नड घरातल्या मुलाला तिथे मराठीच द्यावी लागते. बेळगावात जे अन्याय वाटते ते जतमध्ये न्याय्य वाटू लागले तर आपल्या बोलण्याला वजन राहणार नाही. (आपल्या ८६५ गावांतल्या मराठी भाषकांना महाराष्ट्राच्या नोकरभरतीत पंधरा वर्षांच्या वास्तव्याच्या दाखल्यावर प्रवेश आहे. त्यांना हा मराठीचा पेपर उलट सोयीचाच पडावा, असे वाटते. पण वर सांगितलेली कागद-घड्याळाची चाचणी तिथेही करून पाहावी.)

दुसरे अंग दाराच्या जागेचे आहे, आणि आमचे म्हणणे तिथे आहे. राज्य पुनर्रचनेच्या वेळी, १९५६ मध्ये, केंद्र सरकारने भाषिक अल्पसंख्याकांच्या संरक्षणाचे निवेदन काढले आणि १९६१ मध्ये मुख्यमंत्र्यांच्या परिषदेत त्याला दुजोरा मिळाला. त्यात असे ठरले की राज्याच्या सेवेत भरती होताना राज्यभाषेचे ज्ञान ही पूर्वअट असू नये. उमेदवाराला आधी घ्यावे आणि परिवीक्षेचा काळ संपण्यापूर्वी त्याची राज्यभाषेची परीक्षा घ्यावी. हे निवेदन म्हणजे कायदा नव्हे, त्याच्या जोरावर कोणाला हक्काने नोकरी मागता येत नाही. पण ते सर्व राज्यांनी मान्य केलेले धोरण होते आणि घटनेच्या ३५० ‘ब’ कलमाखाली नेमलेला भाषिक अल्पसंख्याक आयुक्त त्याच कसोटीवर राज्यांचा आढावा घेत असे.

पेपर तोच, दर्जा तोच, किमान गुण तेवढेच, फक्त दार आत शिरण्यापूर्वी लावायचे की आत शिरल्यावर, एवढाच प्रश्न आहे. आत शिरल्यावर लावले तर मुलाला पगार घेत, रोज कन्नड ऐकत-लिहीत, वर्ष-दोन वर्षांत ते पार करता येते. आधी लावले तर ज्याच्या शाळेत कन्नडचा शिक्षक धड तीन वर्षे टिकला नाही, त्या मुलाला आपल्या शाळेच्या उणिवेची किंमत स्वतः मोजावी लागते. २०१५ च्या कायद्याने कर्नाटकातल्या सर्व शाळांत पहिलीपासून टप्प्याटप्प्याने कन्नड सक्तीचे झाले आहे. पुढच्या पिढीला त्यामुळे ५३ गुण जड जाणार नाहीत, असे कोणी म्हणेल. ते खरेही असेल. पण आज पंचविशीत असलेली मुले त्या कायद्याच्या आधी शाळेत गेली, आणि अर्ज तीच भरत आहेत.

समितीने जिल्हाधिकाऱ्यांकडे आणि राज्य शासनाकडे पाठवण्याच्या निवेदनात हा मुद्दा घालावा, अशी सूचना आम्ही मागच्या बैठकीत मांडली आहे : ‘कन्नड नको’ असे न म्हणता, ‘कन्नडची परीक्षा परिवीक्षेत घ्या’ असे म्हणावे. काही सदस्यांना ही माघार वाटते. चर्चा चालू आहे.

तोपर्यंत ज्यांनी अर्ज भरले आहेत त्यांनी या निवेदनाच्या भरवशावर राहू नये. निपाणी, खानापूर आणि बेळगाव येथे काही शिक्षकांनी रविवारी सकाळी दोन तास द्यायचे कबूल केले आहे. एका रविवारी मराठी किंवा कन्नड निबंध व सारांश, दुसऱ्या रविवारी भाषांतर व व्याकरण, असा क्रम राहील. येताना रेघी वही, पेन आणि दहावीचे व्याकरणाचे पुस्तक आणावे. मोबाइल घरी ठेवला तर बरे.